गावच्या देवस्थानाच्या वार्षिक सभेची नोटीस आली, तर ती कशी वाचायची?

ऑगस्ट-सप्टेंबर आला की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत सभांचा मोसम सुरू होतो. जुन्नरमध्ये विघ्नहर कारखान्याची सभा, आंबेगावमध्ये भीमाशंकर कारखान्याची. मग पतसंस्था, सोसायटी, दूध संस्था. वर्तमानपत्रांची पानं नोटिसांनी भरतात. याच गर्दीत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणखी एका नोटिशीचा फोटो येतो. मंदिराच्या फळ्यावर लावलेला कागद, किंचित तिरका काढलेला, खाली शिक्का आणि सही. देवस्थान ट्रस्टची वार्षिक सर्वसाधारण सभा.

फोटोखाली वीस-पंचवीस जण हात जोडलेले इमोजी टाकतात आणि विषय संपतो. दोन महिन्यांनी कळतं की नवे विश्वस्त आलेत, किंवा रस्त्याकडेची देवाची जमीन कुणाला तरी भाड्याने गेलीय. मग चर्चा सुरू होते, "आम्हाला कुणी विचारलंच नाही."

विचारलेलं असतं. त्या तिरक्या फोटोत.

तर ही नोटीस नीट वाचूया. त्याआधी एक गैरसमज काढून टाकायला हवा, कारण आपल्याकडचे बरेच लोक इथेच चुकतात.

कारखान्याचा विघ्नहर वेगळा, मंदिराचा वेगळा

कारखाना, पतसंस्था, सोसायटी यांना सहकार कायदा लागू होतो. तिथे दरवर्षी सभा घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे आणि शेअर घेतलेला माणूस सभासद असतो. देवस्थान ट्रस्टला तो कायदा लागू नाही. त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो आणि त्यावर देखरेख असते धर्मादाय आयुक्तांची. आपल्या दोन्ही तालुक्यांसाठी हे कार्यालय पुण्यात आहे.

या कायद्यात प्रत्येक ट्रस्टने वार्षिक सर्वसाधारण सभा घेतलीच पाहिजे, असं कुठेही लिहिलेलं नाही. सभा घ्यायची की नाही, नोटीस किती दिवस आधी द्यायची, कोरम किती, मत कुणाला, हे सगळं त्या ट्रस्टच्या स्वतःच्या घटनेत किंवा योजनेत ठरलेलं असतं. लोक तिला 'स्कीम' म्हणतात. त्यामुळे "सहकारात चौदा दिवसांची नोटीस लागते, मग इथेही लागते" हा युक्तिवाद चालत नाही. आधी घटना हातात पाहिजे.

तुमचं देवस्थान कोणत्या प्रकारचं आहे, याचा पहिला धागा नोटिशीच्या डोक्यावरच असतो. तिथे नोंदणी क्रमांक छापलेला असतो. आकड्याच्या आधी 'ए' किंवा 'अ' असेल, तर ती हिंदू धार्मिक विश्वस्तव्यवस्था म्हणून नोंदलेली आहे. 'एफ' असेल आणि सोबत दुसरा एक संस्था नोंदणी क्रमांक असेल, तर ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली आहे. 'एफ'वाल्या संस्थेत सभासद असतात, त्यांची यादी असते, वर्गणी असते. 'ए'वाल्या ट्रस्टमध्ये सभासद हा प्रकार कधी असतो, कधी नसतोच. काही ठिकाणी फक्त पाच-सात-अकरा विश्वस्त असतात आणि 'सर्वसाधारण सभा' म्हणजे गावसभेसारखी परंपरेने चालत आलेली बैठक असते.

अष्टविनायकांतही सगळीकडे सारखा कारभार नाही. मोरगाव, थेऊर आणि सिद्धटेक ही तीन देवस्थानं चिंचवड देवस्थान ट्रस्टच्या अखत्यारीत आहेत. जुन्नर तालुक्यातल्या ओझर आणि लेण्याद्री इथे मात्र स्वतंत्र ट्रस्ट आहेत. शिर्डी, सिद्धिविनायक, पंढरपूर यांच्यासाठी तर विधिमंडळाने वेगळे कायदेच केलेत. त्यामुळे दुसऱ्या देवस्थानाचा नियम आपल्या गावाला लावू नका.

आता नोटीस

समजा, घोडेगावच्या बाजूला एक गाव आहे. गावाचं ग्रामदैवत आहे, 'एफ' क्रमांकाचा ट्रस्ट आहे, सव्वाशे सभासद आहेत. गाव, तारखा आणि आकडे आम्ही समजावण्यापुरते घेतलेत, पण नोटिशीची भाषा तुम्ही पाहिलेलीच असेल:

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, ट्रस्टची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार दि. २० सप्टेंबर रोजी सकाळी १० वाजता मंदिराच्या सभामंडपात खालील विषयांवर विचारविनिमय करून निर्णय घेण्यासाठी आयोजित केली आहे.
१) मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
२) ३१ मार्चअखेरचा ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक व हिशेबतपासनिसांचा अहवाल यांस मंजुरी देणे.
३) चालू वर्षासाठी हिशेबतपासनिसांची नेमणूक करणे.
४) रिक्त झालेल्या विश्वस्त पदांवर निवड करणे.
५) देवस्थानच्या जमिनीबाबत विचार करणे.
६) अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय.
टीप : हिशेबाची कागदपत्रे दि. १० सप्टेंबरपासून कार्यालयात सकाळी १० ते १ या वेळेत पाहता येतील. सूचना व हरकती दि. १५ सप्टेंबरपर्यंत लेखी द्याव्यात. गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तीस गणसंख्येची अट राहणार नाही."

सगळ्यात आधी शेवटची टीप वाचा, कारण तुमच्या हातातल्या तारखा तिथे आहेत. १० ते १५ सप्टेंबर. सहा दिवस, रोज तीन तास. पुण्याला नोकरी करणाऱ्या माणसाला यातला एक रविवार मिळतो, तोही कार्यालय उघडं असेल तर.

तहकुबीची ओळही महत्त्वाची आहे. साडेदहाला पंधरा माणसं असली तरी सभा होते आणि तिचे ठराव सव्वाशे सभासदांचे म्हणून नोंदले जातात. घटनेत तशी तरतूद असेल तर यात बेकायदा काही नाही. फक्त तहकूब सभेत नोटिशीतले मूळ विषयच घेता येतात. नवा विषय घुसवता येत नाही.

हिशेब पाहायला गेलात, तर नेमकं काय मागायचं?

ट्रस्टचं हिशेबी वर्ष ३१ मार्चला संपतं आणि त्यानंतर सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवं. म्हणून सभा सप्टेंबरमध्ये येतात. लेखापरीक्षण झालं नसताना विषय क्रमांक २ घेतला जात असेल, तर तो पहिला प्रश्न.

बहुतेक लोक कार्यालयात जाऊन दानपेटीत किती जमलं एवढंच विचारतात. ते विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. तीन कागद मागा: ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक आणि हिशेबतपासनिसाचा अहवाल. पहिले दोन कायद्याने ठरवून दिलेल्या नमुन्यात असतात, नमुना आठ आणि नमुना नऊ. तिसऱ्या कागदात खरी गंमत आहे.

हा अहवाल म्हणजे प्रश्नोत्तरांचा तक्ता असतो. हिशेबतपासनिसाने कोणत्या गोष्टींवर उत्तर द्यायचं, हे नियमांत ठरलेलं आहे. हिशेब नियमित ठेवलेत का? तपासणीच्या दिवशी हातातली रोकड वहीशी जुळली का? स्थावर-जंगम मालमत्तेची नोंदवही ठेवली आहे का? पाच हजार रुपयांवरच्या दुरुस्ती-बांधकामासाठी निविदा मागवल्या का? कायद्याविरुद्ध कुठे पैसे गुंतवलेत का? स्थावर मालमत्ता कायद्याविरुद्ध कुणाला दिली आहे का? समोर एका शब्दात किंवा एका ओळीत उत्तर असतं. ताळेबंद कळायला थोडी सवय लागते, पण 'निविदा मागवल्या का?' समोर 'नाही' लिहिलेलं कळायला कॉमर्स शिकावं लागत नाही. मी स्वतः ताळेबंदापुढे दहा मिनिटं नुसती बघत बसते. हा तक्ता मला पहिल्यांदा वाचूनच समजला.

आता ताळेबंदातली एकच गोष्ट पाहू. देवस्थानाला मिळालेला सगळा पैसा 'उत्पन्न' नसतो. अभिषेकाच्या पावत्या, दानपेटी, दुकानगाळ्यांचं भाडं, बँकेचं व्याज हे उत्पन्न. पण कुणी 'जीर्णोद्धारासाठी' म्हणून पैसे दिले, तर ते त्या नावाच्या निधीत जमा होतात आणि त्याच कामासाठी वापरायचे असतात. ते ताळेबंदाच्या डाव्या बाजूला दिसतात.

आपल्या कल्पित गावात मागच्या वर्षी जीर्णोद्धार निधी १२ लाख होता. यंदा तो ४ लाख आहे. म्हणजे ८ लाख खर्च झाले. मग उजव्या बाजूला इमारतीची किंवा चालू बांधकामाची रक्कम त्या प्रमाणात वाढलेली दिसली पाहिजे, किंवा दुरुस्तीच्या खर्चात तो आकडा सापडला पाहिजे. दोन्हीकडे नसेल, आणि उत्पन्न-खर्च पत्रकात उत्सवाचा खर्च मात्र एकदम वाढलेला असेल, तर कळसाचे पैसे मंडपाला आणि ऑर्केस्ट्राला गेल्याची शक्यता आहे. यात चोरी झालीच असं नाही. बऱ्याचदा यात्रा तोंडावर आलेली असते आणि हातात असतो तो पैसा वापरला जातो. पण ज्याने जीर्णोद्धारासाठी म्हणून पावती फाडली, त्याला उत्तर मिळायला हवं. यासाठी मागच्या वर्षीचा ताळेबंदही सोबत ठेवून बघा. एका वर्षाच्या कागदावरून हे दिसत नाही.

कार्यालयात "फोटो काढू नका" म्हणाले तर? झेरॉक्स मिळण्याचा हक्क आहे की नुसतं पाहण्याचा, हे घटनेवर ठरतं. पण वाद घालायची गरज नाही. हिशेबतपासनिसाने लेखापरीक्षणानंतर पंधरा दिवसांत ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक आणि अहवाल धर्मादाय कार्यालयाकडे पाठवायचा असतो. तिथे अर्ज करून, फी भरून नक्कल मागता येते. ते सरकारी कार्यालय असल्याने माहिती अधिकाराचा अर्जही तिथे चालतो.

'जमिनीबाबत विचार करणे' म्हणजे काय?

विषय क्रमांक ५ मुद्दाम इतका मोघम लिहिलेला असतो. कोणती जमीन, किती, कुणाला, किती वर्षांसाठी, काहीच नाही. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला नारायणगाव, आळेफाट्याच्या पट्ट्यात एखाद्या देवस्थानाची जमीन असेल, तर तिला आज काय भाव आहे हे तुम्हाला सांगायला नको.

कायद्याचं कलम ३६ इथे लागू होतं. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची, बदलून द्यायची किंवा बक्षीस द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. भाडेपट्ट्यालाही मर्यादा आहे. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा जास्त काळ द्यायची असेल किंवा बिगरशेती जमीन-इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त काळ द्यायची असेल, तर परवानगी हवी. सभेने एकमताने ठराव केला तरी तो या परवानगीची जागा घेऊ शकत नाही. परवानगीशिवाय झालेला व्यवहार कायद्याने ग्राह्य नाही.

जायच्या आधी सातबारा काढा. bhulekh.mahabhumi.gov.in वर तो घरबसल्या दिसतो. भोगवटादार म्हणून देवाचं नाव आहे का, देवस्थान इनाम अशी नोंद आहे का, इतर हक्कांत कुणाचं नाव चढलंय का, हे पाहा. इनाम जमीन असेल तर धर्मादाय परवानगीखेरीज महसूल खात्याचे निर्बंधही येतात.

जागेवर तिसऱ्याच खात्याचा हक्क असू शकतो. लेण्याद्रीचं गिरिजात्मज मंदिर हे बौद्ध लेण्यांच्या समूहातलं सातव्या क्रमांकाचं लेणं आहे आणि तो समूह भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. अशा संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई असते आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. म्हणजे अशा ठिकाणी 'भक्तांसाठी शेड उभारणे' हा साधा वाटणारा विषयही सभेच्या हातात पूर्ण नसतो.

हरकत घ्यायची कशी?

सभेत उभं राहून मोठ्याने बोलणं ही हरकत नव्हे. ते रेकॉर्डवर राहत नाही, आणि गावात तुमचीच 'विरोधक' म्हणून नोंद होते. हरकत कागदावर घ्यायची, मुदतीत घ्यायची आणि पोच घ्यायची. दोन प्रती करा, एकीवर तारीख-शिक्का-सही घ्या. घेत नसतील तर त्याच दिवशी पोस्टाने रजिस्टर करा. व्हॉट्सॲपवर टाकलेला मजकूर पुरावा म्हणून कमकुवत ठरतो.

मजकूर छोटा ठेवा. आरोप करू नका, प्रश्न विचारा. उदाहरणार्थ:

"विषय क्र. २ : जीर्णोद्धार निधी मागील वर्षी १२ लाख रुपये होता, या वर्षी ४ लाख आहे. खर्च झालेल्या ८ लाखांचा कामनिहाय तपशील व निविदा सभेपुढे ठेवाव्यात. विषय क्र. ५ : जमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, मुदत व घेणाऱ्याचे नाव नोटिशीत नाही. ते सर्व सभासदांना कळवल्याशिवाय हा विषय घेऊ नये. माझे हे पत्र इतिवृत्तात नमूद करावे."

शेवटचं वाक्य विसरू नका. सभेत ठराव मंजूर झाला आणि तुम्ही विरोधात असाल, तर "माझा विरोध नावासह नोंदवा" म्हणा. हजेरी वहीत सही सभा सुरू होताना करतात. त्यावर कोरी जागा सोडून पुढच्या पानावर सही मागितली, तर करू नका. नंतर त्या कोऱ्या जागेत काय लिहिलं जाईल सांगता येत नाही.

आणि सभासद असाल तर वर्गणी तपासा. संस्था नोंदणी कायद्यानुसार तीन महिन्यांपेक्षा जास्त वर्गणी थकली असेल, तर मत देता येत नाही. ऐन मतदानाच्या वेळी हा कागद बाहेर काढला जातो.

सभा झाली. आता?

विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात त्याची खबर द्यावी लागते. याला बदल अर्ज किंवा चेंज रिपोर्ट म्हणतात. सभेच्या नोटिशीचा खरा कस इथे लागतो. नोटीस कधी काढली, कुणाकुणाला मिळाली, त्याचा पुरावा काय, कोरम होता का, इतिवृत्त काय सांगतं, हे सगळं अर्जासोबत दाखवावं लागतं. अधिकारी आधी बदल तात्पुरता मान्य करून हरकती मागवू शकतात आणि त्यासाठी प्रसिद्धीपासून ३० दिवस मिळतात. सव्वाशेपैकी ऐंशी जणांना नोटीसच पोचली नव्हती, असं तुम्ही दाखवू शकलात, तर बदल अर्ज नामंजूर होऊ शकतो आणि रेकॉर्डवर जुन्याच विश्वस्तांची नावं राहतात.

म्हणून फळ्यावरच्या नोटिशीचा तो फोटो जपून ठेवा. ती कधी लागली, याचा तो तुमच्याकडचा पुरावा आहे. तोच फोटो उलटही वापरला जाऊ शकतो. "ग्रुपवर तर टाकली होती, तुम्ही हात जोडले होते," असं म्हणतील. पण घटनेत नोटीस पोस्टाने किंवा सूचनावहीवर सही घेऊन द्यावी असं लिहिलं असेल, तर ग्रुपवरचा फोटो त्याची जागा घेत नाही.

पैशांच्या किंवा जमिनीच्या तक्रारीसाठी सभासद असण्याचीही गरज नाही. मंदिरात नेहमी दर्शनाला, पूजेला जाणारा माणूस कायद्याच्या भाषेत 'हितसंबंध असलेली व्यक्ती' असतो. त्याला सभेत मत नसेल, पण कलम ४१-ब खाली चौकशीची मागणी तो धर्मादाय कार्यालयाकडे करू शकतो. चौकशीत गैरकारभार निघाला, तर कलम ४१-ड खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करता येतं. जमिनीसाठी कलम ३६ चा अर्ज आलाय असं कळलं, तर तिथेही लेखी हरकत देता येते.

हे सगळं वेळखाऊ आहे. जुन्नरहून पुण्याला एका तारखेसाठी जाणं म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि तारखा एकाहून जास्त पडतात. त्यामुळेच सभेआधीच्या त्या सहा दिवसांत कार्यालयात जाऊन तक्ता वाचणं आणि अर्ध्या पानाचं पत्र देणं सगळ्यात स्वस्त पडतं. अनेकदा पत्र गेलं की विषय क्रमांक ५ सभेत 'पुढील सभेत घेण्याचे ठरले' म्हणून निघून जातो.

आणि विषय क्रमांक ६? ऐनवेळचे विषय म्हणजे साधारणपणे आभार, अभिनंदन, पुढच्या सप्ताहाची तारीख. विश्वस्तांची निवड, घटनादुरुस्ती किंवा जमीन या दारातून आत आली, तर तिथल्या तिथे लेखी विरोध नोंदवा. ज्या सभासदांनी नोटिशीत तो विषय नाही म्हणून घरी राहायचं ठरवलं, त्यांना तो माहीतच नव्हता, हा मुद्दा पुढे धर्मादाय कार्यालयात वजनदार ठरतो.

तुमच्या ट्रस्टची घटना कार्यालयात मिळाली नाही, तर नोटिशीवरचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. त्याच क्रमांकावर धर्मादाय कार्यालयात तिची नक्कल मागता येते. विभागाचं संकेतस्थळ आहे charity.maharashtra.gov.in.